नववीच्या विज्ञानाचा लेसन प्लॅन परत आला: उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन जुळत नाही म्हणे. कुठे चुकतंय?

अबोली · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या इंटर्नशिपमध्ये एका हायस्कूलात नववीला विज्ञान शिकवतेय. चतुर्थीच्या सुटीआधी माझा एक निरीक्षण-पाठ आहे. घटक आहे बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणाऱ्या गोष्टी: पृष्ठफळ, तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा. तास ३५ मिनिटांचा.

प्लॅन गाईडना दाखवला तर तांबड्या पेनाने एकच ओळ लिहून परत दिला, "तिन्ही भाग एकमेकांशी बोलत नाहीत." जास्त विचारायला वेळ मिळाला नाही, त्यांच्याकडे आणखी अकरा जणींचे प्लॅन होते. मी लिहिलेलं थोडक्यात देते.

उद्दिष्टे: विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाचे ज्ञान होईल. परिणाम करणारे चार घटक समजतील. दैनंदिन जीवनात उपयोजन करतील. निरीक्षण कौशल्य वाढेल. वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण होईल.

कृती: एका वाटीत आणि एका ताटलीत पाणी घालून खिडकीत ठेवणे, तासाच्या शेवटी बघणे. मग चारही घटकांचा तक्ता दाखवून चर्चा.

मूल्यमापन: १) बाष्पीभवनाची व्याख्या लिहा. २) परिणाम करणारे चार घटक लिहा. ३) मिठागरात सारख्या आकाराचे दोन वाफे आहेत. एकात ५ सेंमी पाणी आहे, दुसऱ्यात १५ सेंमी. मीठ आधी कुठे दिसेल? कारण द्या.

तिसऱ्या प्रश्नावर मी खूश होते, कारण शाळेतली बरीच मुलं पेडणे भागातली आहेत आणि मिठागरं त्यांनी बघितलेली आहेत. शुक्रवारी पाठ आहे.

अंत्रुज · सोमवार, रात्री १०:०५

हे सोपं आहे गो. तुझी क्रियापदं चुकलीत. "ज्ञान होईल", "समजेल" हे मापता येत नाही. त्याजागी "सांगतो", "स्पष्ट करतो", "वर्गीकरण करतो", "उदाहरण देतो" असं घाल. आमच्या वेळी मेथडच्या टीचरनी क्रियापदांची यादीच दिली होती. ज्ञानाला चार, आकलनाला चार, उपयोजनाला चार. त्यातली उचलली की प्लॅन पास. मी चाळीस पाठ तसेच काढले.

सुरंगी · सोमवार, रात्री १०:३०

माझाही प्लॅन गेल्या महिन्यात असाच परत आला होता, म्हणून लिहिते. माझी मेथड मराठी. कवितेचा पाठ होता आणि गाईड म्हणाल्या की रसग्रहणाचं उद्दिष्ट मोजता येईल असं लिही. आता कविता वाचून मुलाच्या मनात काय होतं ते कसं मोजायचं? मी वाद घातला. शेवटी "कवितेतील आवडलेली ओळ निवडतो व निवडीचे कारण सांगतो" असं लिहिलं तेव्हा सही मिळाली. सगळं मोजायचं हा हट्टच मला पटत नाही. कवितेचं टाचण विज्ञानासारखं का असावं?

अबोली · सोमवार, रात्री १०:५२

सुरंगीताई, माझा पाठ विज्ञानाचा आहे, कवितेचा नाही. पण "निवडतो व कारण सांगतो" हे मला उपयोगी आहे. अंत्रुज, क्रियापदं बदलून बघते: "चार घटक स्पष्ट करतो." एवढ्याने होईल?

खडूफळा · मंगळवार, सकाळी ६:१५

नाही होणार. अंत्रुज म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. "समजेल" काढायलाच हवं, कारण समजलं की नाही ते निरीक्षकाला दिसत नाही आणि तुलाही दिसत नाही. पण क्रियापद बदललं आणि खालची कृती नि प्रश्न तेच राहिले, तर गाईडांचा शेरा जसाच्या तसा उभा आहे. मी पंधराएक वर्षं इंटर्नशिपची मुलं बघतोय, बहुतेक प्लॅन इथेच अडतात. वरच्या चौकटीत "स्पष्ट करतो" आणि खालच्या चौकटीत "व्याख्या लिहा". वर एक काम, खाली दुसरंच.

रॉबर्ट मेगरने १९६२ साली उद्दिष्टात तीन गोष्टी मागितल्या होत्या: मूल काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत दाखवेल आणि किती चांगलं केलं म्हणजे पुरे. प्लॅन लिहिताना मधली गोष्ट सगळे सोडतात, आणि नेमकी तीच कृती आणि प्रश्न ठरवते.

म्हणून उलटीकडून सुरुवात कर. आधी शेवटचा प्रश्न लिही. तास संपताना मुलं कागदाच्या चिटोऱ्यावर काय लिहून देतील म्हणजे तुला वाटेल की आज काम झालं? तो प्रश्न पक्का झाला की त्यालाच उद्दिष्टाच्या वाक्यात बसव. मग विचार कर की त्या प्रश्नापर्यंत पोचायला मुलांना काय करून बघावं लागेल. ती तुझी कृती. प्लॅनच्या कागदावर उद्दिष्टं आधी येतात, पण डोक्यात ती नंतर यायला हरकत नाही.

आता तुझे तीन प्रश्न बघू. पहिले दोन पाठांतराचे आहेत. ते तास न घेताही पुस्तकातून उतरवता येतात, त्यांनी तुझ्या शिकवण्याबद्दल काहीच कळत नाही. तिसरा प्रश्न चांगला दिसतो, आणि त्यातच मोठी चूक आहे. दोन्ही वाफे सारख्या आकाराचे आहेत असं तूच लिहिलंस. म्हणजे पृष्ठफळ सारखं. एकात पाणी कमी आहे, म्हणून ते आधी आटेल. मूल "कमी पाणी आहे म्हणून" असं लिहील आणि त्याचं उत्तर बरोबरच असेल, पण पृष्ठफळाचा त्यात संबंध नाही. तुला वाटेल पोरांना पृष्ठफळ कळलं. खरं तर त्यांना जे पहिल्यापासून माहीत होतं तेच त्यांनी लिहिलेलं असेल.

अबोली · मंगळवार, सकाळी ७:०२

सर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी कमी खोली म्हणजे उथळ आणि उथळ म्हणजे पसरट असं मनात धरून चालले होते.

दर्याकाठ · मंगळवार, सकाळी ८:२०

आमचं आगर आहे म्हणून चार ओळी. भरतीचं पाणी मानशीच्या दारातून आत घेतात. ते आधी मोठ्या वाफ्यात राहतं, तिथे उन्हावाऱ्याने खारट होत जातं, मग पुढच्या वाफ्यात आणि शेवटी उथळ वाफ्यात सोडतात, मीठ तिथे पडतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे मीठ दिसायच्या आधी पुष्कळ पाणी उडून जावं लागतं. त्यासाठीच एवढी जागा अडवायची आणि पाणी पातळ पसरायचं. पाऊस आला की काम बंद, आता तर सगळं आगर पाण्याखाली आहे.

आणखी एक बघा. पाणी जसं जास्त खारट होतं तसं ते सावकाश सुकतं. प्रश्नात पहिल्या वाफ्याची तुलना शेवटच्या वाफ्याशी केलीत तर घोळ होईल. दोन्हीकडे एकच पाणी घ्या.

खडूफळा · मंगळवार, दुपारी १:३०

दर्याकाठ यांचा मुद्दा प्रश्नातच घाल. माझ्या मते प्रश्न असा करता येईल:

"एकाच टाकीतलं सारखं पाणी दोन वाफ्यांत सोडलं. दुसऱ्या वाफ्याचं क्षेत्रफळ पहिल्याच्या दुप्पट आहे. ऊन आणि वारा दोन्हीकडे सारखा. कोणता वाफा आधी सुकेल? एका वाक्यात कारण दे."

आता "पाणी कमी आहे" ही पळवाट बंद झाली. पाणी सारखं, खारटपणा सारखा, बदललं ते फक्त पसरणं. उद्दिष्ट त्यातूनच निघतं: "सारखं द्रव असलेल्या दोन नव्या मांडण्या दिल्यावर विद्यार्थी आधी कोणती सुकेल ते ओळखतो आणि पृष्ठफळाच्या आधारे कारण देतो." "नव्या" हा शब्द मुद्दाम घातला आहे. वर्गात जे दाखवलं तेच विचारलं तर ते उपयोजन नव्हे, आठवण झाली.

आता कृती. वाटी आणि ताटली खिडकीत ठेवणार म्हणालीस. महिना कुठला आहे? घरात तीन दिवस कपडे वाळत नाहीत. ३५ मिनिटांनी वाटीत नि ताटलीत सारखंच पाणी दिसेल आणि वर्गासमोर तू "समजा, ताटलीतलं कमी झालं" असं म्हणशील. मुलं मान डोलावतील, पण डोळ्यांनी बघितलेलं आणि टीचरनी सांगितलेलं वेगळं निघालं तर पुढच्या प्रयोगावर ती विश्वास ठेवत नाहीत.

वाळपईवाला · मंगळवार, दुपारी ३:१०

मी सॅनिटायझर वापरायचो. तळहातावर घासलं की मिनिटात सुकतं.

खडूफळा · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

जेलवालं नको, त्याचा चिकटपणा मागे राहतो. फार्मसीतलं साधं सर्जिकल स्पिरिट चालेल. पण तळहातावर गारवा जाणवतो आणि मुलं गारव्याकडे वळतात. तो वेगळा पाठ आहे.

मी असं करतो. गडद रंगाच्या सुती कापडाचे सारखे दोन तुकडे, साधारण हातरुमालाचा पाव भाग. गडद रंग मुद्दाम, ओला डाग लांबून दिसतो. ड्रॉपरने दोन्हींवर दहा-दहा थेंब स्पिरिट. एक काचेवर पसरून ठेवायचा, दुसऱ्याची तीनदा घडी घालून शेजारी ठेवायचा. पंखा बंद, नाहीतर उघड्या तुकड्याला वारा जास्त मिळाला असं एखादं हुशार पोर म्हणेल आणि ते बरोबर असेल. काही मिनिटांनी पसरलेल्यावरचा डाग फिका होतो. घडीचा तुकडा उघडला की आत डाग तसाच असतो. घडी मुलाकडूनच उघडून घे, त्या क्षणी वर्ग पुढे वाकतो.

किती मिनिटं लागतात ते घरी घड्याळ लावून स्वतः बघ, कापडावर आणि त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून आहे. तो आकडा प्लॅनमध्ये लिही. आणि स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे जवळ दिवा-काडी काही नको. बाटली टेबलावर उघडी ठेवू नको आणि लॅबवाल्या दादांना आधी सांगून ठेव.

थेंब टाकायच्या आधी प्रत्येक मुलाला वहीत अंदाज लिहायला लाव. तो अंदाज नसेल तर शेवटी तुलना कशाशी करणार?

अबोली · मंगळवार, रात्री १०:१५

घरी करून बघितलं. आईच्या निळ्या पोलक्याचं कापड घेतलं. पसरलेला तुकडा सहा मिनिटांत जवळजवळ सुका, घडीतला आतून ओलाच. दुसऱ्यांदा केलं तेव्हा सात मिनिटं. प्लॅनमध्ये आठ धरते.

पण आता एवढ्या वेळात चार घटक कसे बसवू? शाळेतल्या टीचर म्हणाल्या की चतुर्थीआधी पोर्शन संपवायचं आहे, चारही घे.

खडूफळा · बुधवार, सकाळी ६:२०

नाही बसणार. ३५ मिनिटांतली पाच हजेरीत आणि मुलं स्थिरावण्यात जातात. उरलेल्या तीसमध्ये अंदाज, प्रयोग, चर्चा आणि चिटोरा म्हणजे पृष्ठफळ आणि फार तर वारा. पृष्ठफळाचा प्रयोग सुकत असतानाच वाऱ्याची चर्चा घे. शेवटी पंखा लावून दोन नवे तुकडे, दोन्ही पसरलेले, एक पंख्याखाली आणि एक कपाटात. तापमान आणि दमटपणा दुसऱ्या तासाला.

अंत्रुज · बुधवार, सकाळी ९:००

पण फॉरमॅटमध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे चारही रकाने आहेत. रिकामा ठेवला तर मार्क जातात. माझ्या गाईडनी कापले होते.

खडूफळा · बुधवार, सकाळी ९:२५

काही कॉलेजांत कापतात हे खरं. माझं मत असं की एका तासात दोन उद्दिष्टं पुरतात, आणि कौशल्याच्या रकान्यात "थेंब मोजून टाकतो, वेळ नोंदवतो" हे खरंच घडणारं काम लिहिता येतं. पण "वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण होईल" हे ३५ मिनिटांचं उद्दिष्ट नव्हे. ते काढ.

मोगरी · बुधवार, सकाळी ११:४०

काढू नये असं मला वाटतं. मीही शिकवते. "पाणी आणि कापड सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची" हे मूल शिकलं तर तो दृष्टिकोनच आहे. फक्त नाव बदलून लिहा, "प्रयोगात काय सारखं ठेवलं ते ओळखतो." त्याला प्रश्नही विचारता येतो: पंखा का बंद ठेवला?

खडूफळा · बुधवार, दुपारी १२:१०

हे मान्य. अबोली, हाच तुझा चर्चेतला प्रश्न कर.

मोगरी · बुधवार, दुपारी १२:३०

आणि "अपेक्षित प्रतिसाद" या रकान्यात फक्त बरोबर उत्तरं लिहू नका. नववीच्या वर्गात मला नेहमी ऐकू येतं, "टीचर, वाऱ्यान उदक व्हेलें." म्हणजे वारा पाण्याला उचलून नेतो असं त्यांना वाटतं. किंवा पाणी कापडात मुरलं. ही उत्तरं आधीच लिहून त्यांच्यापुढे तुमचा पुढचा प्रश्न लिहा. मुरलं म्हणणाऱ्याला घडी उघडून दाखवा: कापड तेच, थेंब तेवढेच, मग इथे का नाही मुरलं? वारा नेतो म्हणणाऱ्याला विचारा, पंखा बंद होता तरी पहिला तुकडा कसा सुकला? एवढी तयारी कागदावर असेल तर निरीक्षकाला काही सांगावं लागत नाही.

अबोली · बुधवार, रात्री ९:५०

दोघांचेही आभार. एक अडचण उरली. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, मुलं आपसात कोंकणीत बोलतात, काही मराठी प्राथमिकमधून आली आहेत. चिटोऱ्यावर एका वाक्यात कारण मागितलं तर कितीतरी मुलं इंग्रजी वाक्याच्या भीतीनेच गप्प बसतात. कोंकणी किंवा मराठीत लिहू देऊ का? गाईड म्हणाल्या की परीक्षा इंग्रजीत आहे, सवय तीच लागायला हवी.

वाळपईवाला · गुरुवार, सकाळी ८:००

गाईडचं बरोबर आहे. दहावीच्या पेपरात कोण कोंकणीत उत्तर तपासणार?

मोगरी · गुरुवार, सकाळी ८:४५

दहावीची गोष्ट वेगळी आणि उद्याचा चिटोरा वेगळा. तुम्ही उद्दिष्टात पृष्ठफळ लिहिलंय, इंग्रजी वाक्यरचना नाही. इंग्रजी न जमल्याने रिकामा राहिलेला कागद तुम्ही "पृष्ठफळ कळलं नाही" या गठ्ठ्यात टाकणार का? मी चित्र काढायला सांगते: दोन वाफे, बाण आणि एक-दोन शब्द कुठल्याही भाषेत.

खडूफळा · गुरुवार, सकाळी ९:१०

मी मोगरीच्या बाजूचा, पण गाईडशी आधी बोलून घे. पाठाच्या दिवशी वर्गात वाद नको.

सुरंगी · गुरुवार, दुपारी २:००

चित्राचं ऐकून मलाही सुचलं. कवितेच्या पाठाला आवडलेल्या ओळीचं चित्र काढायला लावते.

अबोली · शनिवार, सकाळी १०:३०

पाठ झाला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

वर्गात ३४ मुलं होती. हजेरीत सहा मिनिटं गेली. अंदाज लिहून घेतला तेव्हा बऱ्याच जणांनी दोन्ही तुकडे एकदम सुकतील असं लिहिलं, थेंब सारखे म्हणून. घडीचा तुकडा मागच्या बाकावरच्या मुलाने उघडला आणि ओला डाग सगळ्यांना दिसला. खडूफळा सर, वर्ग खरंच पुढे वाकला. "पंखा का बंद ठेवला" याला एका मुलीने आपणहून उत्तर दिलं. वाऱ्याचा दुसरा प्रयोग मात्र राहिला, वेळ संपला. नुसती चर्चा झाली.

चिटोरे घरी आणून तीन गठ्ठे केले. १९ जणांनी बरोबर वाफा आणि पसरण्याचं कारण दिलं, त्यांतल्या सात जणांनी चित्र काढून. नऊ जणांनी वाफा बरोबर सांगितला पण कारण लिहिलं "मोठा आहे म्हणून ऊन जास्त लागतं." सहा जणांचं चुकलं.

गाईडनी चित्राला परवानगी दिली, पण शब्द इंग्रजीतच हवेत म्हणाल्या. त्या सात चित्रांवर "मोर एरिया" किंवा नुसतं "बिग" एवढंच लिहिलेलं आहे. ते बरोबर धरायचं की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही.

मला त्या नऊ जणांचं विचारायचं आहे. "ऊन जास्त लागतं" हे चुकीचं म्हणायचं का? मोठ्या वाफ्यावर एकूण ऊन जास्तच पडतं ना?

खडूफळा · शनिवार, दुपारी १२:००

चुकीचं म्हणू नको. मोठ्या पृष्ठभागावर एकूण ऊन जास्त पडतं हे खरंच आहे. आगरात तेही एक कारण आहे. तुझ्या प्रश्नात "ऊन दोन्हीकडे सारखं" असं मीच लिहायला सांगितलं, ते मोघम राहिलं. पण तुझ्या प्रयोगात ऊन नव्हतंच, वर्गात छपराखाली कापड सुकलं. सोमवारी त्या नऊ जणांना तेवढंच विचार: कापडावर ऊन कुठे होतं? मग ती काय म्हणतात ते ऐक. पुढच्या वेळी प्रश्न आगराचा न घेता सावलीतला घे. पावसात पडवीत वाळत घातलेलं लुगडं, एक पसरून आणि एक दुमडून.

दर्याकाठ · शनिवार, दुपारी १:१५

आगरात ऊन आणि वारा वेगळे काढताच येत नाहीत. आम्ही दोन्ही बघतो. मुलांना डिसेंबरनंतर आगरवाड्याला घेऊन या, वाफे तयार होताना दाखवतो.

अबोली · शनिवार, दुपारी १:४०

डिसेंबरपर्यंत माझी इंटर्नशिप संपलेली असेल, पण शाळेतल्या टीचरना सांगते. सोमवारी दुसरा तास आहे, तापमान आणि दमटपणा. सुरुवात "कापडावर ऊन कुठे होतं" या प्रश्नाने करते. देव बरें करूं सगळ्यांचं. दमटपणा पावसाळ्यात कसा दाखवायचा हे कोणी सांगेल का? बंद डब्यात ओला बोळा ठेवून त्यात कापड टांगायचं असं मनात आहे, पण डबा बंद म्हणजे वाराही बंद झाला, हे आत्ताच लिहिताना लक्षात आलं.

मोगरी · शनिवार, दुपारी २:०५

दोन डबे घ्या, दोन्ही बंद. एकात ओला बोळा, दुसऱ्यात कोरडा. कापडाला या वेळी स्पिरिट नको, पाणीच लावा, कारण पाण्याच्या दमटपणाने अडतं ते पाण्याचंच सुकणं. मात्र ३५ मिनिटांत फरक दिसेल का याची मला खात्री नाही, आदल्या दिवशी मांडून ठेवावं लागेल. घरी करून बघा आणि इथे सांगा.